एकच वॅक, दोन डिव्हिजन: नको तो प्रोजेक्ट पास कसा होतो

एका कंपनीच्या बोर्डापुढे एकाच मीटिंगला दोन प्रोजेक्ट आले. दोन्ही १०० कोटींचे. एकाचा आयआरआर, म्हणजे प्रोजेक्टमधून मिळणारा वार्षिक परतावा, ९.८ टक्के, दुसऱ्याचा १२.२ टक्के. कंपनीचा हर्डल रेट, म्हणजे पास व्हायला प्रोजेक्टने किमान द्यायलाच हवा तो परतावा, ११ टक्के, सगळ्यांना सारखाच. पहिला नापास, दुसरा पास, वीस मिनिटांत विषय संपला आणि पुढचा अजेंडा सुरू. आता माझं म्हणणं असं आहे की दोन्ही निर्णय उलटे झाले, आणि गंमत म्हणजे गणितात कुणाचीही चूक नव्हती, ११ टक्के हा आकडासुद्धा बरोबरच काढलेला होता.

प्रकरण मी रचलेलं आहे, आकडे हिशेब डोक्यात बसावा म्हणून जरा गोल ठेवलेत, पण यातलं प्रत्येक वळण मोठ्या गुंतवणुकीचे प्रस्ताव तपासणाऱ्या कॅपेक्स कमिटीत बसलेल्या माणसाला ओळखीचं वाटेल.

कंपनीत दोन डिव्हिजन आहेत, किमतीच्या हिशेबाने साधारण निम्मी-निम्मी. पहिली पाणी डिव्हिजन, म्हणजे इतर कारखान्यांसाठी पाणी शुद्धीकरणाचे प्लांट उभारून स्वतःच चालवायचे. करार १५-१५ वर्षांचे, आणि त्यात अशी अट की गिऱ्हाइकाने पाणी कमी उचललं तरी ठरलेली किमान रक्कम द्यायचीच. मंदी आली तरी पैसे येत राहतात. दुसरी यंत्र डिव्हिजन, खाणकाम आणि मोठ्या बांधकामाला लागणारी अवजड यंत्रं बनवते. तिथे बाजार तेजीत असला की ऑर्डर पुऱ्या करता येत नाहीत इतक्या येतात आणि बाजार पडला की सगळ्यात आधी हीच खरेदी पुढे ढकलली जाते, कारण जुनं यंत्र आणखी दोन वर्षं रेटता येतं ना.

आता ११ टक्के आले कुठून ते बघू. बिनजोखमीचा व्याजदर ६ टक्के, शेअर बाजाराचा जोखीम प्रीमियम ६ टक्के, कंपनीच्या शेअरचा बीटा, म्हणजे बाजार हलला की शेअर किती हलतो त्याचं माप, १.२. म्हणजे शेअरहोल्डरला हवा असलेला परतावा ६ अधिक १.२ गुणिले ६, १३.२ टक्के. कर्ज ८ टक्क्यांनी मिळतं, कर २५ टक्के धरला की करानंतर ६ टक्के पडतं. भांडवलात बाजारभावाने ७० टक्के इक्विटी, ३० टक्के कर्ज. ०.७ गुणिले १३.२ अधिक ०.३ गुणिले ६, उत्तर ११.०४. गोल करून ११. हाच वॅक, म्हणजे इक्विटी आणि कर्ज मिळून भांडवलाचा सरासरी खर्च.

यात चूक काहीच नाही. हा आकडा अख्ख्या कंपनीचा आहे, दोन्ही धंदे आज ज्या प्रमाणात एकत्र आहेत त्या मिश्रणाचा. कुणाला पूर्ण कंपनी विकत घ्यायची असेल तर हाच रेट लावावा. पण बोर्डापुढे पूर्ण कंपनी नव्हती आली. एक पाण्याचा प्लांट आणि एक यंत्रांची नवी लाइन आली होती, आणि या दोघांपैकी एकाचीही जोखीम त्या मिश्रणाएवढी नाही. भांडवलाचा खर्च हा पैसा कोण उचलतंय यावर ठरत नाही, तो पैसा कशात घातला जातोय यावर ठरतो. हे वाक्य फायनान्सच्या कुठल्याही पहिल्या कोर्सला शिकवतात आणि नोकरीला लागल्यावर पहिल्याच बजेटमध्ये सगळे विसरतात.

किती विसरतात त्याचा अंदाज आहे. ग्रॅहम आणि हार्वी यांनी २००१ साली छापलेला ३९२ सीएफओंचा अमेरिकी सर्व्हे आहे, त्यात विचारलं होतं की परदेशातल्या बाजारातला नवा प्रोजेक्ट कुठल्या रेटने तपासाल, तर जवळपास ५९ टक्क्यांनी सांगितलं की कंपनीचाच एक रेट लावू, म्हणजे जोखीम वेगळी असणार हे माहीत असूनही. नंतर २०१५ साली क्रूगर, लँडियर आणि थेस्मार यांनी अमेरिकेतल्या अनेक धंद्यांच्या कंपन्यांचा डेटा लावून दाखवलं की ज्या डिव्हिजनचा बीटा कंपनीच्या मुख्य धंद्यापेक्षा जास्त असतो तिथे गुंतवणूक जास्त होते आणि कमी असतो तिथे कमी. म्हणजे ही फक्त वर्गातली चूक नाही, प्रत्यक्षात पैसा त्या दिशेने वाहतो.

तर आपल्या कंपनीत काय झालं. पाणी डिव्हिजनच्या हेड मॅडम मीटिंगनंतर सीएफओंकडे गेल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं, "सर, माझ्यासारखेच प्लांट चालवणाऱ्या स्वतंत्र कंपन्या ९ टक्क्यांच्या प्रोजेक्टवर उड्या मारतायत, टेंडरला मला हरवतायत, आणि त्यांचे शेअरहोल्डर खूश आहेत. एकतर ते सगळे वेडे आहेत नाहीतर आपलं काहीतरी चुकतंय." हा मुद्दा मला फार आवडतो, कारण चूक पकडायची ही सगळ्यात स्वस्त खूण आहे. तुमची एखादी डिव्हिजन सतत त्याच त्या स्पेशलिस्ट कंपन्यांकडून किमतीवर हरत असेल, आणि खर्चात ती त्यांच्यापेक्षा महाग नसेल, तर आधी हर्डल रेट तपासा.

सीएफओंनी मग एक काम केलं जे आधीच व्हायला हवं होतं. गेल्या काही वर्षांतले सगळे प्रस्ताव एका आलेखावर मांडायला लावले, आडव्या अक्षावर धंद्याची जोखीम, उभ्या अक्षावर आयआरआर. ११ वर आडवी रेघ. रेघेच्या वरचे पास, खालचे नापास. बघितलं तर पास झालेल्यात बहुतेक सगळे यंत्र डिव्हिजनचे आणि नापास झालेल्यात बहुतेक पाण्याचे. आता कुणी म्हणेल की यंत्रवाले हुशार आहेत म्हणून. पण जास्त जोखमीच्या धंद्यात चांगला, वाईट, मध्यम कसाही प्रोजेक्ट असो, आयआरआर जरा वरच दिसणार, कारण त्या धंद्यात तेवढा परतावा दिल्याशिवाय कुणी शिरतच नाही. आडवी रेघ त्यामुळे एका बाजूने झुकलेलीच आहे. खरी रेघ तिरकी हवी, जोखीम वाढेल तशी वर चढणारी, आणि या दोन रेघांच्या मधे जे दोन त्रिकोण होतात तिथेच सगळा घोटाळा असतो. डावीकडच्या त्रिकोणात नाकारलेले चांगले प्रोजेक्ट, उजवीकडच्यात पास झालेले वाईट.

तिरकी रेघ काढायची तर प्रत्येक डिव्हिजनचा बीटा पाहिजे, आणि डिव्हिजनचा शेअर तर बाजारात नसतो. मग करायचं काय, तर तोच एक धंदा करणाऱ्या लिस्टेड कंपन्या शोधायच्या आणि त्यांचा बीटा उसना घ्यायचा. पाण्यासाठी अशा काही कंपन्या मिळाल्या, त्यांचा मधला, म्हणजे मीडियन इक्विटी बीटा ०.८८ होता. पण हा तसाच उचलून चालत नाही, कारण त्या कंपन्यांवर कर्ज भरपूर आहे, इक्विटीएवढंच, आणि कर्जामुळे शेअरचा बीटा फुगतो. आधी कर्जाचा परिणाम काढून टाकायचा:

अनलिव्हर्ड बीटा = इक्विटी बीटा ÷ [१ + (१ − कर) × कर्ज/इक्विटी]

०.८८ भागिले १.७५, म्हणजे साधारण ०.५. हा निव्वळ धंद्याचा बीटा. यंत्रवाल्या कंपन्यांचा मधला बीटा १.५, कर्ज इक्विटीच्या फक्त २० टक्के, म्हणून १.५ भागिले १.१५, म्हणजे १.३.

इथे थांबून एक पडताळा घ्यायचा, जो बरेच लोक घेत नाहीत. डिव्हिजनचे बीटा किमतीच्या प्रमाणात एकत्र केले की कंपनीचा स्वतःचा अनलिव्हर्ड बीटा परत मिळायला हवा. निम्मी-निम्मी डिव्हिजन, ०.५ आणि १.३ ची सरासरी ०.९. कंपनीचा १.२ हा बीटा त्याच सूत्राने उतरवला तर ०.९१ येतो. जुळलं. जुळलं नसतं, समजा १.२ आला असता, तर निवडलेल्या कंपन्या चुकीच्या आहेत किंवा डिव्हिजनच्या किमतीचा अंदाज चुकलाय असं समजून परत मागे जायचं. हा पडताळा नसेल तर सगळी डिव्हिजन आपापला रेट कमी करून घेतात आणि बेरीज कुणी तपासतच नाही, मग कंपनीला ११ टक्के लागतात आणि कुठल्याच डिव्हिजनवर ११ चा भार नाही असं अजब चित्र तयार होतं.

पुढचं सरळ आहे. पाण्याचे पैसे ठरलेले असल्यामुळे त्या धंद्याला ४५ टक्क्यांपर्यंत कर्ज पेलतं आणि ७.५ टक्क्यांनी मिळेल, यंत्रांना १५ टक्केच पेलेल आणि तेही ९ टक्क्यांनी. या प्रमाणात बीटा परत चढवला की पाण्याच्या इक्विटीचा खर्च १०.८ टक्के येतो आणि वॅक ८.५. यंत्रांच्या इक्विटीचा १४.८ आणि वॅक १३.६, जो कंपनीने अर्ध्या टक्क्याला गोल करून १३.५ धरला. या दोघांची सरासरी पुन्हा ११ च्या आसपासच येते, म्हणजे कुणीही नवीन जोखीम शोधून काढलेली नाही, होती तीच योग्य माणसाच्या खात्यावर टाकली.

आता तेच दोन प्रोजेक्ट. पाण्याचा प्लांट १०० कोटींचा, १५ वर्षं दरवर्षी १३ कोटी देणार. ११ टक्क्यांनी त्या पैशांची आजची किंमत ९३.५ कोटी, म्हणून एनपीव्ही, म्हणजे त्या किमतीतून प्रोजेक्टचा खर्च वजा करून जे उरतं ते, उणे ६.५. ८.५ टक्क्यांनी तीच किंमत १०८ कोटी, एनपीव्ही अधिक ८. यंत्रांची लाइन १०० कोटींची, ८ वर्षं दरवर्षी २०.३ कोटी. ११ टक्क्यांनी १०४.५ कोटी, अधिक ४.५. १३.५ टक्क्यांनी ९५.८ कोटी, उणे ४.२. म्हणजे बोर्डाने त्या वीस मिनिटांत ८ कोटी सोडले आणि वर ४.२ कोटी घालवले, १०० कोटींच्या एका निर्णयात १२ कोटींचा फटका, आणि मिनिट्समध्ये लिहिलेलं की जास्त परताव्याचा प्रोजेक्ट निवडण्यात आला.

हे सगळं सीएफओंनी मांडलं तेव्हा पहिला आक्षेप ट्रेझरीकडून आला. "साहेब, पैसा तर एकाच खात्यातून जातो. बँक आपल्याला कंपनी म्हणून ८ टक्क्यांनी देते, डिव्हिजन बघून देत नाही. मग यंत्रांना ९ टक्के आणि पाण्याला साडेसात हे तुम्ही आणलं कुठून?" ऐकायला अगदी बरोबर वाटतं. पण बँक ८ ने देते ती का, तर मागे पाण्याचे १५ वर्षांचे करार उभे आहेत म्हणून. यंत्र डिव्हिजन एकटी बँकेत गेली असती तर तिला हा रेट मिळाला नसता. म्हणजे यंत्रांना मिळणाऱ्या स्वस्त कर्जाची किंमत पाणी डिव्हिजन भरतेय, फक्त ती कुठल्याच पुस्तकात लिहिली जात नाही. आणि तसंही इथे कर्जाचा भाग फार मोठा नाहीच. दोन्ही डिव्हिजनना कंपनीचंच ३० टक्के कर्ज आणि ८ टक्के व्याज लावून बघितलं तर रेट येतात ८.८ आणि १३.२. बस. ८.५ आणि १३.५ पासून लांब नाहीत. फरकाचा मोठा हिस्सा धंद्याच्या बीटातूनच येतो, त्यामुळे कुठल्या डिव्हिजनला किती कर्ज पेलेल यावर तीन मीटिंगा भांडत बसणं म्हणजे वेळ फुकट.

दुसरा आक्षेप यंत्र डिव्हिजनच्या हेडचा, आणि तो जास्त हुशार होता. त्यांचं म्हणणं, आमचा धंदा वर-खाली होतो हे मान्य, पण पाण्याच्या जोडीला आम्ही आहोत म्हणून कंपनीची एकूण कमाई सावरली जाते, त्या विविधतेचा फायदा आमच्या रेटमध्ये का नको? याचं उत्तर असं की बीटात जी जोखीम मोजली जाते ती बाजाराबरोबर हलणारी आहे, ती दोन धंदे शेजारी ठेवल्याने नाहीशी होत नाही, फक्त सरासरी होते. जी जोखीम खरंच विरून जाते, उदाहरणार्थ एका गिऱ्हाइकाचा संप, एका प्लांटमधला बिघाड, ती शेअरहोल्डर स्वतःच दोन वेगळे शेअर घेऊन विरवू शकतो, त्यासाठी तो कंपनीला वेगळं बक्षीस देत नाही. आणि समजा यंत्रांना सवलत दिलीच, तर पडताळ्यात बेरीज जुळवायला तेवढाच भार पाण्यावर टाकावा लागेल. तो कशाबद्दल?

तिसरी अडचण आक्षेप म्हणून आली नाही, मदत म्हणून आली, आणि मला सगळ्यात धोकादायक तीच वाटते. एका अनुभवी डायरेक्टरांनी सुचवलं की यंत्रवाल्यांचे अंदाज नेहमी आशावादी असतात, तेव्हा १३.५ वर आणखी ३ टक्के चढवा म्हणजे आपोआप शिस्त येईल. मनात आलेली काळजी रास्त आहे, पण तिची जागा चुकली. मागणीचा अंदाज फुगवलाय ही कॅश फ्लोमधली चूक आहे, ती कॅश फ्लोमध्येच दुरुस्त करायची: तेजी, मध्यम, मंदी असे तीन अंदाज घ्या, प्रत्येकाची शक्यता लिहा, आणि सरासरी कॅश फ्लो काढा. रेटमध्ये ढकललं की दोन गोष्टी बिघडतात. एक, रेट चक्रवाढीने चालतो, त्यामुळे तीन टक्क्यांची शिक्षा पहिल्या वर्षाच्या पैशाला जेमतेम लागते आणि शेवटच्या वर्षाच्या पैशाला जबर, खरं तर फुगवटा बऱ्याचदा पहिल्या दोन-तीन वर्षांतच असतो, जिथे उत्पादन लवकर सुरू होईल असं गृहीत धरलेलं असतं. दोन, डिव्हिजनला कळतं की वरून ३ टक्के कापले जाणारच आहेत, मग ते आकडे आणखी फुगवून पाठवतात आणि पुढच्या वर्षी तुम्ही ५ टक्के चढवता. ही शर्यत कुणी जिंकत नाही.

रेटमध्ये काय जावं आणि कॅश फ्लोमध्ये काय जावं याची सोपी चाचणी अशी: ही वाईट गोष्ट अर्थव्यवस्था पडते तेव्हाच होण्याची शक्यता जास्त आहे का? असेल तर तिचा तेवढा भाग बीटातून रेटमध्ये आलेलाच आहे. नसेल, म्हणजे परवाना उशिरा मिळणं, यंत्राची चाचणी फसणं असल्या गोष्टी, तर शक्यतेने गुणून कॅश फ्लो कमी करायचा आणि रेटला हात लावायचा नाही.

आता कुणी प्रामाणिकपणे विचारेल की हे ०.५ आणि १.३ किती पक्के? पक्के अजिबात नाहीत. पाच वर्षांचा मासिक डेटा घेतला की एक बीटा, दोन वर्षांचा साप्ताहिक घेतला की दुसरा. सारख्या कंपन्या म्हणून निवडलेल्यांपैकी एखादीचा निम्मा धंदा वेगळाच निघतो. एखादीचा शेअर इतका कमी विकला-घेतला जातो की बीटा खोटा कमी दिसतो. म्हणून एका कंपनीवर विसंबायचं नाही, पाच-सात घ्यायच्या, मधला आकडा धरायचा आणि पल्ला लिहून ठेवायचा. इथे पाणीवाल्यांचा पल्ला होता ०.४ ते ०.६ आणि यंत्रवाल्यांचा १.१ ते १.५.

मग प्रश्न उलटा विचारायचा, आणि सीएफओंनी बोर्डापुढे नेमकं हेच केलं. निर्णय बदलायला बीटा किती चुकायला हवा? पाण्याचा प्रोजेक्ट नापास व्हायला धंद्याचा बीटा ०.५ ऐवजी ०.७५ च्या आसपास लागेल, यंत्रांचा पास व्हायला १.३ ऐवजी साधारण १.०६. दोन्ही पल्ल्याच्या बाहेर. म्हणजे आकडा ढोबळ असला तरी निर्णय पक्का. उलट पाण्याच्या प्रोजेक्टचा आयआरआर ८.७ असता तर मी म्हटलं असतं की या पद्धतीने काही ठरत नाही, कराराच्या अटी वाचा आणि तिथे ठरवा. अचूक नाही म्हणून वेगळे रेट नकोत असं म्हणणारे हे विसरतात की सगळ्यांना ११ लावणं म्हणजे दोन्ही धंद्यांचा बीटा ०.९ आहे असं ठामपणे सांगणं, आणि ०.९ तर दोन्ही पल्ल्यांच्या बाहेर आहे. अंदाज टाळता येतच नाही, फक्त न बोलता केलेला अंदाज दिसत नाही इतकंच.

आणि जुना रेट तसाच चालू ठेवला असता तर? इथे एक गोष्ट पुस्तकात एका ओळीत उरकतात, पण कंपनीचं खरं नुकसान तिथे होतं. दर वर्षी पाण्याचे प्रोजेक्ट पडत राहिले आणि यंत्रांचे उभे राहत गेले, तर काही वर्षांनी प्रमाण निम्मं-निम्मं राहत नाही. समजा ३० टक्के पाणी, ७० टक्के यंत्रं झालं. मग कंपनीचा धंद्याचा बीटा ०.९ वरून १.०६ होतो आणि वॅक ११ वरून १२ कडे सरकतो. फायनान्स टीम नेहमीप्रमाणे वर्षाच्या सुरुवातीला वॅक नव्याने काढते आणि हर्डल रेट १२ करते. आता पाण्याचा ११.५ टक्के देणारा प्रोजेक्टसुद्धा पडेल, जो ८.५ च्या हिशेबाने सोन्याची खाण आहे. आणि मधल्या काळात ११ च्या रेटने पास झालेले यंत्रांचे ११.५-१२ टक्केवाले प्रोजेक्ट, त्यांचं काय? ते तर उभेच आहेत, दर वर्षी जेवढं मागायला हवं त्यापेक्षा कमी देतायत. बोर्डाला फक्त एवढंच दिसतं की बाजार आपल्या शेअरला पूर्वीसारखा भाव देत नाही, आणि मग दोष व्याजदरांना किंवा गुंतवणूकदारांच्या मूडला दिला जातो. वॅक वर सरकताना दिसला आणि व्याजदर किंवा कर्जाचं प्रमाण फारसं बदललेलं नसेल, तर धंद्यांचं मिश्रण बदललंय का ते आधी बघावं.

विकत घेण्याच्या व्यवहारात हेच जास्त जोरात होतं, कारण रक्कम एकदम मोठी असते. पाणी डिव्हिजनच्या जिवावर मिळालेला कमी रेट लावून जास्त जोखमीची कंपनी घ्यायची, की लावलेली किंमत कागदावर स्वस्त दिसते. वर म्हटलेल्या २०१५ च्या अभ्यासात हेही आलंय, घेणाऱ्याचा रेट समोरच्या कंपनीच्या रेटपेक्षा कमी असेल अशा व्यवहारांत घोषणेच्या वेळी घेणाऱ्याच्या शेअरहोल्डरांना कमी मिळतं.

शेवटी कंपनीने काय लागू केलं. तीनच वर्ग ठेवले, जास्त नाही. पाण्याचे दीर्घ करारांचे प्रोजेक्ट ८.५, यंत्रांचे १३.५, आणि मधला एक वर्ग यंत्र डिव्हिजनमधल्याच सर्व्हिस आणि स्पेअर पार्टच्या कामासाठी, कारण यंत्र नवीन विकलं नाही तरी जुनी दुरुस्त करावीच लागतात, तिथली कमाई मंदीत तितकी पडत नाही. त्याला १०.५ धरला. हा मधला वर्ग फायनान्सने अंदाजाने ठेवला, फक्त सर्व्हिस करणाऱ्या लिस्टेड कंपन्या हाताशी नव्हत्या. इथे पडताळा परत करावा लागला, कारण १.३ हा बीटा ज्या कंपन्यांकडून आला त्यांच्याकडेही सर्व्हिसचा धंदा होताच, म्हणजे सर्व्हिसला खाली काढलं तर उरलेल्या निव्वळ यंत्रविक्रीचा रेट थोडा वर जायला हवा. सर्व्हिसचा वाटा डिव्हिजनच्या किमतीत लहान होता म्हणून पहिल्या वर्षी १३.५ तसाच ठेवला, पण नोंद करून ठेवली. मला हे आवडलं. प्रत्येक प्रोजेक्टला वेगळा रेट असं सुरू केलं असतं तर रेट म्हणजे वाटाघाटीचा विषय झाला असता आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा रेट लहान.

वर्ग कुठला हे ठरवायचा अधिकार प्रस्ताव आणणाऱ्या डिव्हिजनकडे ठेवला नाही, तो फायनान्सकडे, आणि रेट वर्षातून एकदाच बदलणार. डिव्हिजन हेडच्या बोनसमध्ये भांडवलाचा जो चार्ज लागतो तोही याच रेटने. हे न करता नुसता हर्डल रेट बदलला असता तर मजा बघा, प्रोजेक्ट १३.५ ने तपासायचा आणि बोनस ११ ने मोजायचा, मग हेडला ११.५ चा प्रोजेक्ट कसातरी पास करून घेण्यात फायदाच फायदा.

यंत्रांची लाइन मात्र मेली नाही. १३.५ टक्क्यांनी ती उभी राहायला दरवर्षी २०.३ ऐवजी २१.२ कोटी लागत होते, किंवा खर्च १०० वरून ९५.८ च्या खाली यायला हवा होता. हेडने दुसऱ्या तिमाहीत ९४ कोटींचा प्रस्ताव आणला, एनपीव्ही अधिक १.८, सगळे खूश. फायनान्समधल्या एका ज्युनिअर पोरीने परिशिष्ट वाचलं तर ६ कोटींची क्रेन व्यवस्था खरेदीतून काढून ८ वर्षांच्या लीजवर टाकलेली, आणि लीजचं भाडं वर्षाच्या २०.३ कोटींतून वजाच केलेलं नव्हतं. लीज म्हणजे नाव बदललेलं कर्जच, ते भांडवलात धरलं की आकडा परत १०० कोटी. प्रस्ताव परत गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा लाइन दोन टप्प्यांत तोडलेली होती, पहिला टप्पा ५५ कोटींचा आणि दुसरा ऑर्डर बुक ठरलेल्या पातळीवर गेलं तरच. पहिला टप्पा एकटा १३.५ वर जेमतेम काठावर होता, दुसरा टप्पा न करण्याची मोकळीक धरली की पास. बोर्डाने तो पास केला, आणि त्याच मीटिंगला पाण्याचा प्लांट परत अजेंड्यावर आला, फक्त आता त्याचं टेंडर दुसऱ्या कुणीतरी घेऊन झालेलं होतं आणि मॅडमनी त्याच्याऐवजी ९.३ टक्क्यांचा दुसरा प्रोजेक्ट आणला होता.